सरीतलं पाणी, नळीतलं खत

ठिबकानं उसाचं पाणी निम्म्यावर येतं असं सर्रास सांगितलं जातं, आणि हंगामाची बेरीज केली तर ते बरंचसं खरंही आहे. पण ही बचत नेमकी कधी होते आणि कधी होत नाही, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा शेतकऱ्याला फारसा उपयोग नाही. शिवाय ज्यांनी पाटपाणी सोडून ठिबक घेतलं त्यांच्याशी बोललं तर पाणी वाचवणं हे कारण पहिल्या दमात क्वचितच निघतं. आधी निघते ती रात्रीची वीज.

शेतीपंपाला थ्री फेज वीज आठ तास मिळते, तीही काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. पाच एचपीच्या पंपातून तासाला पंचवीसेक हजार लिटर पाणी येत असेल, तर सरीवरंब्यानं एक एकर ऊस भिजवायला बारा-तेरा तास लागतात. म्हणजे एका पाळीत एकरसुद्धा पुरं होत नाही. उरलेलं दुसऱ्या रात्री, हातात बॅटरी घेऊन दारं धरत. उसात साप असतो, आणि जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याही. रात्रीच्या दाऱ्याला मजूर मिळणं केव्हाच बंद झालंय. ठिबक असलं की चारी कोपऱ्यांत फिरावं लागत नाही, व्हॉल्व्ह उघडला की झालं. सोय ही गोष्ट शेतीच्या अर्थशास्त्रात कुणी फारशी मोजत नाही, पण निर्णय बहुतेक वेळा तीच करते.

आता पाण्याचा हिशेब. माळशिरस तालुक्यातला एक एकर सुरू ऊस डोळ्यांसमोर धरू. लागण जानेवारीअखेरची, पाच फुटी सरी, मध्यम काळी जमीन, पाणी विहिरीचं.

सरीला पाणी सोडलं की ते सरीच्या तोंडाकडून शेवटाकडे चालत जातं, आणि चालता चालता जमिनीत मुरत जातं. शेवटच्या टिपरीपर्यंत पोचायचं तर तोंडाशी भरपूर मुरू द्यावंच लागतं. त्यामुळे सरीवरंब्यानं सात-आठ सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी देताच येत नाही. आठ सेंटिमीटर म्हणजे एकराला सव्वातीन लाख लिटर. जानेवारीत ही पाळी साधारण दोन आठवड्यांनी येते, म्हणजे रोजचे तेवीस हजार लिटर.

पण त्या वेळी उसाला लागतं किती? उघड्या पसरट भांड्यातून दिवसाला किती पाणी उडून जातं हे हवामान केंद्रात मोजलेलं असतं. त्याला बाष्पीभवन पात्र म्हणतात. जानेवारीअखेर ते पाचेक मिलिमीटर धरू. भांड्यातलं उघडं पाणी आणि शेत यांतला फरक म्हणून त्याला ०.७ नं गुणायचं आणि ऊस नुकता उगवतोय, पानोळा नाही, म्हणून पुन्हा ०.५ नं. येतात पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे एकरी रोज सात हजार लिटर. ठिबकातही थोडं वाया जातंच, ते धरून आठ हजार. पाटानं तेवीस हजार, ठिबकानं आठ हजार. दोन तृतीयांश बचत.

वरचे पंधरा हजार लिटर कुठं जातात? उगवणाऱ्या उसाची मुळं वीत-दीड वीत खोल असतात. आठ सेंटिमीटर पाणी त्यांना ओलांडून खाली उतरतं, आणि सरीच्या उघड्या ओल्या मातीवरून उन्हानं उडतं. तणालाही ते मिळतं, म्हणून ठिबकाच्या शेतात खुरपणी कमी पडते.

आता त्याच शेतात मे महिन्यात जाऊ. ऊस चार महिन्यांचा झालाय, सऱ्या झाकत आल्यात. भांड्यातून दिवसाला दहा मिलिमीटर उडतात. त्याला ०.७ आणि पिकाचा ०.९ असं गुणलं की सव्वासहा मिलिमीटर होतात, म्हणजे गळती धरून एकरी रोज अठ्ठावीस हजार लिटर. पाटाची पाळी उन्हाळ्यात नऊ दिवसांवर येते, म्हणजे रोजचे छत्तीस हजार. इथं बचत पाव भागाहूनही थोडी कमीच आहे. विहिरीपासून शेतापर्यंतच्या पाटात जे झिरपतं ते धरलं तर जास्त होईल, पण जानेवारीचे दोन तृतीयांश मे महिन्यात मिळत नाहीत. कारण सोपं आहे. वाढता ऊस पानातून जे पाणी सोडतो ते ठिबकानं कमी होत नाही. ऊस ऊसच राहतो. ठिबक फक्त मुळाखाली जाणारं आणि उघड्या मातीवरून उडणारं पाणी वाचवतं. ते जेव्हा जास्त असतं तेव्हा बचत जास्त, आणि ऊस दाट होऊन जमीन झाकली की बचत कमी.

वर्षाची बेरीज घेतली तर सुरू उसाला पाटानं अडीच मीटर उंचीचं पाणी लागतं असं धरतात. म्हणजे एकरी एक कोटी लिटर. ठिबकावरचे प्रयोग त्यात चाळीस ते पन्नास टक्के बचत दाखवतात, आणि वरचा हिशेब पाहिला की ते पटतं. उगवणीचे आणि फुटव्यांचे महिने मोठी बचत देतात. पावसाळ्यात दोन सरींमधला खंड भरून काढायला नेमकं तेवढंच पाणी देता येतं, पाटाप्रमाणे भरून ठेवावं लागत नाही. उन्हाळा त्या मानानं थोडं देतो.

प्रत्यक्षात हे पाणी सुटतं कसं तेही पाहू. पाच फुटी सरीला एकरात सोळा मिलिमीटरच्या इनलाइन नळीचे साडेसव्वीसशे मीटर बसतात. दर चाळीस सेंटिमीटरला एक ड्रिपर, म्हणजे साधारण सहा हजार सहाशे. प्रत्येकातून तासाला दोन लिटर पडलं तर सगळ्या एकराला तासाला तेरा हजार लिटर. जानेवारीची गरज पस्तीस मिनिटांत भागते, मेची दोन तास आणि वर थोडी मिनिटं. आठ तासांच्या विजेत मे महिन्यातही चार-पाच कप्पे करून दोन-तीन एकर सहज भिजतात, विहिरीत पाणी असेल तर.

इथपर्यंत पाणीच बोललो. पण उसात ठिबकाला खरी धार येते ती खतामुळे.

पारंपरिक शिफारशीत सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश द्यायचं असतं. एकराचं म्हणाल तर शंभर, सेहेचाळीस, सेहेचाळीस. नत्र चार हप्त्यांत देतात. लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस. चाळीस किलो नत्र म्हणजे सत्त्याऐंशी किलो युरिया, जवळपास दोन पोती, एकाच दिवशी सरीत.

युरिया जमिनीत आठवड्या-दोन आठवड्यांत नायट्रेट होतो. नायट्रेट चिकणमातीच्या कणाला चिकटून राहत नाही, पाणी जाईल तिकडं जातं. पुढची पाळी आठ सेंटिमीटरची असल्यानं त्यातलं बरंचसं मुळाखाली निघून जातं. पाणी दोन दिवस साचून राहिलं तर काळ्या जमिनीत जंतू त्याचा वायू करून टाकतात. आणि चुनखडीच्या रानात वर टाकलेला युरिया झाकायला उशीर झाला तर अमोनिया होऊन हवेतच उडतो. ऊस एवढं खत खाऊही शकत नाही एका दमात. त्याला रोज थोडं लागतं, आणि मिळतं ते दोन महिन्यांतून एकदा.

ठिबकात ही अडचण आणखी वाढते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ठिबकाखाली सगळं रान भिजत नाही, फक्त नळीच्या दोन्ही बाजूंचा पट्टा भिजतो आणि मुळं तिथंच गोळा होतात. वरंब्यावर हातानं फेकलेला युरिया कोरड्या मातीत तसाच पडून राहतो. नळीवरून पाणी द्यायचं आणि खत जुन्याच रीतीनं फेकायचं, अशानं ऊस पिवळा दिसू लागतो आणि दोष ठिबकावर येतो. उसात ठिबक बसवून जे निराश झाले त्यांतले बरेच जण इथंच अडले आहेत. पाणी ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं खत गेलं पाहिजे. या दोन गोष्टी उसात वेगळ्या करता येत नाहीत.

नळीतून खत देताना कृषी विद्यापीठाची शिफारस वीस टक्के खत कमी करण्याची आहे. आपल्या एकराला मग ऐंशी किलो नत्र, सदतीस किलो स्फुरद, सदतीस किलो पालाश. स्फुरदासाठी पाण्यात पूर्ण विरघळणारं १२:६१:० हे खत साठ किलो घेतलं तर त्यातून सात किलो नत्रही येतं. उरलेल्या नत्राला युरिया १५८ किलो. पालाशासाठी पांढरं म्युरेट ऑफ पोटॅश बासष्ट किलो. तांबडं घ्यायचं नाही. त्यात लोहाचा न विरघळणारा बारीक गाळ असतो, तो ड्रिपरमध्ये बसतो. हे सगळं सव्वीस आठवड्यांत वाटलं की आठवड्याला सरासरी सहा किलो युरिया होतो. सत्त्याऐंशी किलो एका दिवशी आणि सहा किलो आठवड्याला, एवढाच फरक.

१२:६१:० महाग पडतं. स्फुरद जमिनीत फारसं हलत नाही म्हणून ते लागणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेटातून सरीत, बेण्याखाली टाकून, नळीतून फक्त युरिया आणि पोटॅश सोडणारे बरेच आहेत. कंपनीच्या माणसाला हे आवडत नाही, पण हिशेबात मला ते शहाणपणाचं वाटतं. मुळाजवळ पडलेलं स्फुरद वाहून जात नाही. वाहून जातं ते नत्र, आणि नळीनं वाचवायचं ते मुख्यतः नत्रच.

सव्वीस हप्ते सारखे नसतात. लागणीच्या पहिल्या महिन्यात मुळं कोवळी असतात, तेव्हा थोडं. फुटवे फुटण्याच्या आणि कांडी पडण्याच्या काळात सर्वांत जास्त. सहा महिन्यांनी नत्र थांबवायचं. त्यानंतर दिलं तर ऊस हिरवागार दिसतो, उशिरा कोवळे कोंब फुटत राहतात आणि कारखान्यात उतारा पडतो. शेतकऱ्याला भाव टनावर मिळतो म्हणून हे त्याला लगेच जाणवत नाही, पण दराचं गणित उताऱ्यावरच बसलेलं आहे.

खत सोडायची रीत साधी असली तरी क्रम चुकवायचा नसतो. आधी नुसतं पाणी सोडून नळ्या भरू द्यायच्या आणि दाब स्थिर होऊ द्यायचा. मग व्हेंचुरीतून किंवा खताच्या टाकीतून द्रावण सोडायचं. आणि शेवटी पुन्हा दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी, म्हणजे नळीत खत उरत नाही. शेवटचं पाणी फार वेळ चालवलं तर आत्ताच दिलेलं खत मुळाखाली ढकललं जातं, म्हणून खत पाळीच्या सुरुवातीला नाही तर शेवटच्या भागात द्यावं. कॅल्शियम नायट्रेट मात्र फॉस्फेट आणि सल्फेटच्या खतांबरोबर एका टाकीत कधीही घालू नये. दुधासारखा साका होतो आणि तो सरळ ड्रिपरमध्ये जातो.

यात बिघडतं काय? सगळ्यांत जास्त वेळा ड्रिपर बुजतात. विहिरीचं पाणी जड असेल तर पांढरा क्षार, लोह असेल तर तपकिरी चिकट थर. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात अर्धा किलोचा फरक दिसू लागला की फिल्टर धुवायला हवा. ड्रिपर तपासायला एक वाटी पुरते. दोन लिटरच्या ड्रिपरखाली ती तीन मिनिटं धरली की शंभर मिलिलिटर जमलं पाहिजे. सबमेनजवळच्या आणि नळीच्या टोकाच्या ड्रिपरमध्ये दहा-पंधरा मिलिलिटरहून जास्त फरक पडला तर टोकाचा ऊस उपाशी आहे, आणि त्याला खतही कमीच मिळतंय. मग नळ्यांची टोकं उघडून धुवायची, आणि क्षार बसला असेल तर आम्ल प्रक्रिया करायची. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात नाही. या एका वाक्यानं बरेच डोळे वाचले आहेत.

उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात. तोडणीच्या वेळी कोयत्यानं कापल्या जातात. पाचट पेटवलं तर सगळंच जातं, आणि ते पेटवायचं नसतंच. पाचट सरीत तसंच ठेवलं तर मे महिन्यात मातीतून उडणारं पाणी अडतं, म्हणजे ठिबकाला ज्या जागी कमी पडतं तिथंच त्याची मदत होते. खोडव्याला हे विशेष लागू आहे.

पण याहून मोठी आणि कुणाला न दिसणारी चूक म्हणजे ठिबकानं जास्त पाणी देणं. वरून पाहिलं तर ड्रिपरभोवती ओला डाग एवढासा दिसतो. पाटात चिखल बघण्याची सवय असलेल्याला वाटतं ऊस तहानलाय. म्हणून दोन तासांऐवजी सहा तास पंप चालतो. सहा तासांत आपल्या एकरात ऐंशी हजार लिटर पडतात. तेवढं रोज द्यायचं तर चार दिवसांत पाटाची एक पाळी होते, आणि तिच्याबरोबर नत्रही खाली जातं. खत वेळेवर देऊनही पानं फिकी पडली तर बहुधा हे झालेलं असतं. तपासायला दोन ड्रिपरमधली माती खुरप्यानं फूटभर उकरायची, मूठभर घेऊन दाबायची. गोळा झाला आणि अंगठ्यानं फुटला तर वाफसा आहे, अजून पाणी नको. हाताला चिकट लिंपली आणि चमकली तर दोन दिवस थांबायचं. मातीच्या छिद्रांत हवाही लागते, नुसतं पाणी नाही.

ठिबक परवडतं का, या प्रश्नाला अनुदानाशिवाय उत्तर देता येत नाही. केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. राज्याची जोड धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. २०१७ च्या जुलैमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं करायचंही ठरवलं होतं, आणि त्याआधी २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातही बारमाही पिकांसाठी तशी तरतूद आहे. सक्ती कागदावर राहिली, याला माझ्या मते एक मोठं कारण कालव्याचं पाणीच आहे. आवर्तन महिन्याभरातून एकदा येतं, आणि ठिबकाला रोज थोडं पाणी हवं असतं. मध्ये साठवायला शेततळं किंवा विहीर नसेल तर ठिबक निरुपयोगी. शिवाय पाटपाण्याची आकारणी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर होते, किती पाणी वापरलं यावर नाही. एकरी पैसे तेच भरायचे असतील तर दारं बंद करायला कुणाला काय पडलंय?

यात आणखी एक गुंता आहे. कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या विहिरी भरतात त्या कालव्याच्या आणि शेजाऱ्याच्या पाटपाण्याच्या पाझरानं. म्हणजे आज विहिरीवर ठिबक चालवणाऱ्याच्या नळीत येतं ते पाणी बऱ्याचदा शेजारच्या रानात मुळाखाली गेलेलंच असतं. सगळ्यांनी ठिबक घेतलं तर तो पाझर कमी होणार. नीरेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात हेच जास्तीचं पाणी वर येऊन जमिनी चोपण, क्षारपड झाल्या, त्यामुळे पाझर थांबणं तिथं वाईट नाही. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र झालं ते या दख्खनच्या कालव्यांवरच्या उसासाठीच. पण शेतात वाचलेलं सगळं पाणी धरणात वाचलं असं समजणं चूक आहे.

आणि वाचलेल्या पाण्याचं शेतकरी काय करतो? आणखी ऊस लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, एफआरपीचा हमखास भाव असलेलं दुसरं पीक त्याच्यासमोर नाही. फक्त लावताना तो बहुतेक वेळा जानेवारीचा हिशेब धरतो. समजा विहिरीचं पाणी मे महिन्यात दिवसाला साठ हजार लिटरवर येतं. तेवढ्याच पाण्यावर जानेवारीत ठिबकानं सात एकर ऊस आरामात उगवतो, आणि डोळ्यांना दिसतं तेही तेवढंच. मे महिन्यात एकराला अठ्ठावीस हजार लागायला लागतात आणि साठ हजारांत दोनच एकर बसतात. उरलेले पाच एकर ऐन वाढीच्या काळात पाण्यावाचून राहतात, आणि टँकरनं ऊस जगत नाही. म्हणून किती एकरावर लागण करायची ते गेल्या मे महिन्यात पंप किती तास चालला आणि तासाला किती पाणी पडलं हे मोजून ठरवावं. त्या पाण्याला अठ्ठावीस हजारांनी भागलं की एकर निघतात. पाचट अंथरलं असेल तर थोडी सूट घेता येते, पण सातचे दोन होण्याइतकी तफावत त्यानं भरत नाही.